बटण सेलमधला पारा आणि तारीख नसलेली सवलत

बटण सेलच्या पाकिटावर हल्ली ‘पारा ०%’ असे छापलेले असते. ते वाचून वाटते की सेलमध्ये एक विषारी पदार्थ होता, कुणीतरी निर्णय घेतला आणि तो काढून टाकला. प्रत्यक्षात या छोट्या सेलमधून पारा दोनदा काढावा लागला, कारण तो तिथे दोन वेगळ्या कामांसाठी होता. एका प्रकारच्या सेलमध्ये वीज देणारे रसायनच पाऱ्याचे होते. बाकीच्या प्रकारांत तो थोडासाच असे, आतले जस्त पडून पडून सडू नये एवढ्यासाठी. पहिला पारा भरपूर होता, सहज नजरेत भरणारा होता, आणि तो १९९०च्या दशकात बऱ्यापैकी झपाट्याने हद्दपार झाला. दुसरा पारा थोडा होता म्हणून त्याला तांत्रिक अडचणीच्या नावाने सवलत मिळाली. ती युरोपात २०१५पर्यंत टिकली आणि जागतिक करारात २०२५पर्यंत. सवलत देणे चूक होते असे मी म्हणणार नाही. तिला शेवटची तारीख न घालणे ही मात्र मोठी चूक होती, आणि तसे मी का म्हणतो हे समजायला सेलच्या आत डोकवावे लागेल.

पाऱ्याचा सेल अमेरिकी संशोधक सॅम्युअल रुबेन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घडवला. तो पी. आर. मॅलरी या कंपनीने बनवायला घेतला. हीच कंपनी पुढे ड्युरासेल या नावाने ओळखली जाऊ लागली. तेव्हाचे जस्त-कार्बन सेल उष्ण आणि दमट प्रदेशात साठवणीतच खराब होत, आणि लष्कराला ते परवडण्यासारखे नव्हते. रुबेन यांच्या सेलमध्ये ऋण बाजूला जस्ताची भुकटी, धन बाजूला मर्क्युरिक ऑक्साइड आणि दोहोंच्या मध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे दाहक द्रावण असे. सेल चालू असताना आत जे घडते ते एका ओळीत मावते:

Zn + HgO → ZnO + Hg

या ओळीतच त्या सेलची सगळी थोरवी आहे. जस्ताचे ऑक्साइड होते आणि पाऱ्याच्या ऑक्साइडमधून शुद्ध पारा सुटतो. पारा हा धातू असल्याने वीज वाहून नेतो. म्हणजे सेल जसजसा वापरला जाईल तसतसा त्याच्या धन बाजूचा विरोध वाढत नाही. द्रावणातले हायड्रॉक्साइड एका बाजूला खर्च होते तेवढेच दुसऱ्या बाजूला पुन्हा तयार होते, त्यामुळे द्रावणही बदलत नाही. परिणामी हा सेल पहिल्या दिवसापासून जवळजवळ शेवटच्या दिवसापर्यंत १.३५ व्होल्ट देत राही आणि मग एकदम खाली येई. कॅमेऱ्यातले प्रकाशमापक, श्रवणयंत्रे, विजेवरची मनगटी घड्याळे, शरीरात बसवलेले सुरुवातीचे पेसमेकर, हे सगळे या सपाट व्होल्टेजच्या भरवशावर रचले गेले.

त्याची किंमत किती पाऱ्यात मोजावी लागे? हिशेब सोपा आहे. एक ग्रॅम मर्क्युरिक ऑक्साइडमधून सिद्धांताने सुमारे २४७ मिलिअँपिअर-तास मिळतात. म्हणजे ३०० मिलिअँपिअर-तासांच्या सेलला सव्वा ग्रॅमच्या आसपास ऑक्साइड लागते, आणि त्यात एक ग्रॅमहून थोडा अधिक निव्वळ पारा असतो. नखाएवढ्या वस्तूत एक ग्रॅम पारा! इथे पारा कमी करून चालण्यासारखे नव्हतेच. पारा अर्धा केला की सेलची क्षमता अर्धी होते. म्हणून या सेलबाबत पर्याय एकच होता: तो बनवणे थांबवणे.

आणि थांबवण्याचे कारणही ठोस होते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९८९ सालच्या शहरी कचऱ्याचा हिशेब मांडला तेव्हा कचऱ्यातल्या एकूण पाऱ्यापैकी सुमारे ८८ टक्के पारा घरगुती बॅटऱ्यांतून येत असल्याचे दिसले. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. कचऱ्याच्या भट्टीत तापमान त्याच्या कितीतरी वर असते, त्यामुळे सेल जाळला की पारा वाफ होऊन धुराड्यातून हवेत जातो, पावसाबरोबर खाली येतो आणि तळ्यांच्या, खाड्यांच्या गाळात बसतो. त्या गाळातले जिवाणू त्याचे मिथिलपारा बनवतात. तो माशांत साठतो, लहान माशांकडून मोठ्या माशांत जाताना वाढत जातो आणि शेवटी माणसाच्या मज्जासंस्थेपर्यंत पोहोचतो. जपानमधल्या मिनामाता इथे रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातून समुद्रात गेलेल्या मिथिलपाऱ्याने काय केले हे जगाने पाहिले होते. तो पारा बॅटऱ्यांचा नव्हता, पण त्या अनुभवामुळेच १९८०च्या दशकात वापरलेल्या सेलमधल्या पाऱ्याचा प्रश्न जपानमध्ये इतक्या तीव्रतेने पुढे आला. तिथल्या उत्पादकांनी १९९१मध्ये साध्या मँगनीज सेलमधून आणि १९९२मध्ये अल्कलाइन सेलमधून पारा काढला. पाऱ्याच्या सेलचे उत्पादन तिथे १९९५मध्ये थांबले. अमेरिकेच्या १९९६च्या कायद्याने मर्क्युरिक ऑक्साइडच्या बटण सेलवर बंदी घातली.

आता दुसऱ्या पाऱ्याकडे येतो, कारण खरा वाद तिथे आहे. अल्कलाइन, सिल्व्हर ऑक्साइड आणि झिंक-एअर या तिन्ही सेलमध्ये ऋण बाजूला जस्ताचीच भुकटी असते आणि ती त्याच दाहक द्रावणात भिजलेली असते. रसायनशास्त्राच्या नियमाने जस्ताने या द्रावणात टिकायलाच नको. अल्कधर्मी द्रावणात जस्ताचे विभव उणे १.२५ व्होल्टच्या आसपास असते, आणि पाण्यातून हायड्रोजन सुटायला उणे ०.८३ व्होल्ट पुरतात. म्हणजे सेल नुसता डबीत पडून असला तरी जस्ताने पाण्याशी अभिक्रिया करून विरघळायचे आणि हायड्रोजन सोडायचा, हाच निसर्गाचा कल. ही अभिक्रिया व्यवहारात फार सावकाश चालते ती एवढ्याच कारणाने की शुद्ध जस्ताच्या पृष्ठभागावर हायड्रोजन सहजी तयार होत नाही. पण त्या पृष्ठभागावर लोखंडाचा किंवा निकेलचा एखादा कण असेल तर तिथे हायड्रोजन भराभर सुटतो, आणि त्यासाठी लागणारे इलेक्ट्रॉन आजूबाजूचे जस्त पुरवते.

किती जस्त सडले म्हणजे बिघडले? इथला हिशेब माझ्या मते या साऱ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून तो सविस्तर मांडतो. एलआर४४ हा सर्वत्र दिसणारा अल्कलाइन बटण सेल घ्या. व्यास ११.६ मिलिमीटर, उंची ५.४ मिलिमीटर, म्हणजे कवचासकट एकूण आकारमान सुमारे ०.५७ मिलिलिटर. त्यात दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास जस्त असते. त्यातले फक्त एक मिलिग्रॅम सडले असे समजा. क्षमतेच्या दृष्टीने हे एक टक्काही नाही, वापरणाऱ्याला कळणारसुद्धा नाही. पण एक मिलिग्रॅम जस्तातून साध्या तापमानाला ०.३७ मिलिलिटर हायड्रोजन सुटतो. अख्ख्या सेलच्या आकारमानाच्या हा जवळजवळ दोन-तृतीयांश झाला. आत मोकळी जागा एक-दशांश धरली तर दाब वातावरणाच्या सहा-सात पट होतो. यातला थोडा वायू गॅस्केटमधून झिरपून जातो, थोडा धन बाजूचे ऑक्साइड शोषून घेते, हे खरे. तरीही वायू सुटण्याचा वेग जाण्याच्या वेगापेक्षा जास्त असेल तर सेल फुगतो, गॅस्केटची पकड ढिली होते आणि द्रावण बाहेर येते. जुन्या उपकरणात सेलच्या कडेला जी पांढरी बुरशीसारखी पूड दिसते ती या द्रावणाची हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी गाठ पडून झालेली पोटॅशियम कार्बोनेट असते. थोडक्यात, बटण सेलची खरी अडचण वीज वाया जाण्याची नाही, वायूची आहे.

पारा हे सगळे एका फटक्यात मिटवत असे. जस्ताच्या भुकटीत काही टक्के पारा मिसळला की कणांवर पाऱ्याचे पातळ आवरण तयार होते. पाऱ्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होण्याचा वेग अतिशय कमी असतो. जस्त मात्र त्या आवरणातून आरपार विरघळू शकते, त्यामुळे सेल वापरताना काही अडत नाही. लोखंडाचे कणही त्या आवरणाखाली झाकले जातात. शिवाय ऋण बाजूच्या टोपीला आतून तांब्याचा थर असतो, त्यावरही पारा पसरतो आणि तिथून सुटणारा हायड्रोजन आटोक्यात येतो. आणखी एक लाभ क्वचितच सांगितला जातो: पाऱ्यामुळे जस्ताचे कण एकमेकांना विजेच्या दृष्टीने जोडलेले राहतात. पारा काढलेले सुरुवातीचे सेल हादरा बसला की क्षणभर व्होल्टेज टाकत, ते याच कारणाने.

म्हणजे पारा अशुद्धतेवर पांघरूण घालत होता. तो काढायचा तर अशुद्धताच काढायला हवी होती, आणि घडलेही तेच. या जागी कुणी नवे जादुई रसायन शोधले नाही. जस्त अधिक शुद्ध केले गेले; लोखंड, निकेल, मॉलिब्डेनम, जर्मेनियम, अँटिमनी यांचे प्रमाण दशलक्षांत काही भागांच्या किंवा त्याहूनही खाली आणले गेले. मग त्या शुद्ध जस्तात जाणूनबुजून इंडियम, बिस्मथ, ॲल्युमिनियम यांच्या अगदी अल्प मात्रा मिसळल्या. इंडियम आणि बिस्मथ यांच्यावरही हायड्रोजन सावकाश तयार होतो. सुरुवातीला या यादीत शिसेही होते, कारण ते स्वस्त आणि गुणी. पण एक विष काढून दुसरे ठेवण्यात अर्थ नव्हता, आणि पुढे तेही टाळले जाऊ लागले. द्रावणात थोडे इंडियमचे संयुग आणि पृष्ठभागावर चिकटून राहणारी सेंद्रिय द्रव्ये घातली गेली. बटण सेलच्या बाबतीत टोपीच्या आतल्या तांब्यावर कथिलाचा किंवा इंडियमचा मुलामा देणे ही शेवटची आणि निर्णायक पायरी ठरली. कारखान्यात या कामाची कसोटी साधी असते: सेल ६० अंशांच्या आसपास आठवडेच्या आठवडे ठेवायचे आणि उंची मोजत राहायची. मिलिमीटरच्या दहाव्या भागानेही उंची वाढली तर कुठेतरी वायू सुटतो आहे. मुलाम्याला एखादे सूक्ष्म छिद्र राहिले, किंवा कारखान्यातल्या यंत्राची लोखंडी धूळ जस्तात गेली, तरी ही कसोटी ते उघडे पाडते.

आता सवलतीकडे. मोठ्या नळीसारख्या अल्कलाइन सेलसाठी युरोपच्या १९९८च्या निर्देशाने पाऱ्याची मर्यादा वजनाच्या ०.०००५ टक्के ठरवली आणि १ जानेवारी २००० ही तारीख दिली. बटण सेलना मात्र त्याच निर्देशात दोन टक्क्यांपर्यंत मुभा होती. २००६च्या निर्देशाने ती तशीच पुढे चालवली. अमेरिकेच्या १९९६च्या कायद्यानेही अल्कलाइन बटण सेलला प्रत्येकी २५ मिलिग्रॅम पाऱ्याची परवानगी दिली. यांपैकी कशातही ही मुभा कधी संपेल हे लिहिलेले नव्हते.

दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. एलआर४४चे वजन दोन ग्रॅमच्या आसपास असते. दोन टक्क्यांनी ४० मिलिग्रॅम पारा होतो. मोठ्या सेलची मर्यादा याच सेलला लावली असती तर ०.०१ मिलिग्रॅम झाला असता. म्हणजे एकाच कायद्यात, एकाच रसायनाच्या दोन आकारांना चार हजार पटींचा फरक होता. आणि ज्या आकाराला मुभा मिळाली तोच आकार खेळण्यांतून, वाजणाऱ्या शुभेच्छापत्रांतून, किल्लीच्या दिव्यांतून कुणाच्या लक्षातही न येता केरात जातो. मोठा सेल निदान वेगळा काढून ठेवता येतो. खेळण्याच्या आत बंद असलेला सेल खेळण्याबरोबरच फेकला जातो.

उद्योगांचा युक्तिवाद पोकळ होता असे मात्र मी म्हणणार नाही. मोठ्या अल्कलाइन सेलमध्ये वायूला थोडी जागा असते आणि दाब फार वाढला तर फुटून वाट देणारी झडपही असते. बटण सेलमध्ये दोन्ही नाहीत. आकार लहान म्हणून टोपीच्या तांब्याचा पृष्ठभाग आतल्या जस्ताच्या मानाने खूप मोठा पडतो. वर केलेला एक मिलिग्रॅमचा हिशेब मोठ्या सेलला लावला तर तो बिनमहत्त्वाचा ठरतो. बटण सेलला तो जीवनमरणाचा आहे. श्रवणयंत्राच्या झिंक-एअर सेलची अडचण वेगळी होती. तिथे वायूपेक्षा कणांच्या जोडणीचा प्रश्न मोठा होता, कारण पारा गेला की अंतर्गत विरोध वाढतो आणि जास्त प्रवाह मागितला की व्होल्टेज खचते. ज्याचे ऐकणे त्या सेलवर अवलंबून आहे त्याला कचऱ्यातल्या पाऱ्याचे गणित सांगून भागत नाही. म्हणून १९९८मध्ये काही वर्षांची मुदत मागणे रास्त होते आणि ती देणेही रास्त होते.

पण मुदत आणि मुभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोनीने २००४मध्ये पाराविरहित सिल्व्हर ऑक्साइड सेल जाहीर केले. म्हणजे युरोपने २००६चा निर्देश लिहिला तेव्हा निदान एका प्रकारात उत्तर बाजारात आलेले होते, तरीही दोन टक्के जसेच्या तसे राहिले. अमेरिकी उत्पादकांच्या संघटनेने २०११च्या जूनअखेरपर्यंत बटण सेलमधून पारा काढण्याचे ठरवले, आणि मेनसारख्या राज्याने त्याच वर्षापासून पारा असलेल्या बटण सेलच्या विक्रीवर बंदी आणली. तारीख समोर आली आणि मुलामा दिलेल्या टोप्या आणि इंडियमचे जस्त सर्रास वापरात आले. युरोपने २०१३मध्ये निर्देश बदलला आणि १ ऑक्टोबर २०१५पासून मुभा संपवली. ज्या २०१३ साली हे घडले त्याच वर्षी पाऱ्यावरचा जागतिक मिनामाता करार संमत झाला. त्याने २०२०पर्यंत बॅटऱ्यांतला पारा संपवायचे ठरवले, पण दोन टक्क्यांपर्यंत पारा असलेले सिल्व्हर ऑक्साइड आणि झिंक-एअर बटण सेल वगळले, आणि पुन्हा तारखेशिवाय वगळले. ती मुभा २०२५मध्ये संपवण्याचा निर्णय २०२३च्या बैठकीत झाला. एका बाजूला युरोपने जे अनावश्यक ठरवले तेच दुसऱ्या बाजूला जगासाठी आवश्यक मानले गेले, याचे समाधानकारक उत्तर मला कुठल्याही तांत्रिक कारणात सापडत नाही. तोपर्यंत प्रश्न विज्ञानाचा उरला नव्हता. चांगले जस्त आणि मुलामा दिलेली टोपी थोडी महाग पडते, आणि तारीख नसेल तर ती कुणी घेत नाही, एवढेच उरले होते.

कुणी म्हणेल की कायद्याने तारीख लादली आणि तोवर तंत्र तयार झाले नाही तर नुकसान वापरणाऱ्यांचे होते. हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो, कारण पहिल्या पाऱ्याच्या बाबतीत नुकसान खरेच झाले. पीएक्स६२५ या पाऱ्याच्या सेलवर चालणारे जुने फिल्म कॅमेरे घ्या. त्यांतल्या साध्या प्रकाशमापकात प्रकाशाप्रमाणे विरोध बदलणारा कॅडमियम सल्फाइडचा घटक आणि एक सुई एकाच मंडलात असते. सुई किती हलते हे प्रकाशावर अवलंबून असते आणि तितकेच व्होल्टेजवरही. १.३५ व्होल्टऐवजी १.५५ व्होल्टचा सिल्व्हर ऑक्साइड सेल घातला तर प्रवाह सुमारे १५ टक्के वाढतो. प्रकाश आहे त्यापेक्षा जास्त असल्याचे सुई सांगते, आणि तिच्यावर विसंबणाऱ्याचा फोटो काळपट येतो. निगेटिव्ह फिल्मवर हे बहुधा खपून जाते, स्लाइड फिल्मवर नाही. फिल्मचा वेग जाणूनबुजून चुकीचा लावून ही चूक सुधारावी म्हटले तर ती अंधारात आणि उन्हात सारखी नसते. अल्कलाइन सेल आणखी वाईट, कारण तो दीड व्होल्टपासून सुरू होऊन वापराबरोबर उतरत जातो. आज चुकीचे मोजमाप एका बाजूला, काही महिन्यांनी दुसऱ्या बाजूला, आणि मधे केव्हातरी ते योगायोगाने बरोबर!

या कॅमेऱ्यांसाठी लोकांनी काढलेल्या वाटा पाहिल्या की बदललेल्या रसायनांचे स्वभाव नीट कळतात. सिल्व्हर ऑक्साइडचे व्होल्टेज पाऱ्याच्या सेलसारखेच सपाट असते, कारण तिथेही ऑक्साइडमधून धातू, म्हणजे चांदी, सुटतो आणि विरोध वाढत नाही. त्यामुळे सेलच्या मार्गात सुमारे ०.२ व्होल्ट खाणारा शॉटकी डायोड बसवला की तो १.३५च्या जवळ येतो. दुसरी वाट झिंक-एअरची. त्याच्या धन बाजूचे काम हवेतला प्राणवायू करतो. एक पातळ उत्प्रेरक पडदा सोडला तर आतली जवळजवळ सगळी जागा जस्ताला मिळते. म्हणूनच श्रवणयंत्रांत त्याने पाऱ्याच्या सेलला हटवले: तेवढ्याच आकारात त्याची क्षमता दुपटीहून अधिक भरते. ६७५ आकाराचा झिंक-एअर सेल कडीत बसवून कॅमेऱ्यात घातला तर व्होल्टेज हवे तसेच मिळते. पण वरची चिकटपट्टी काढून हवेची भोके उघडली की ती पुन्हा बंद करून सेल टिकत नाही. द्रावणातले पाणी उडते किंवा दमट हवेतून वाढते, कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, आणि काही आठवड्यांत ते काही महिन्यांत सेल वापरला नाही तरी संपतो. रोज चालणाऱ्या श्रवणयंत्राला हे चालते, वर्षात चारदा बाहेर निघणाऱ्या कॅमेऱ्याला जाचते.

पण याच काळात पेंटॅक्स स्पॉटमॅटिकसारख्या कॅमेऱ्यांत प्रकाशमापकाची रचना सेतूमंडलाची होती. सेतूमंडलात सुई शून्यावर आणायची असते आणि व्होल्टेज दोन्ही भुजांना सारखेच लागू होते, त्यामुळे ते थोडे कमीजास्त झाले तरी मोजमाप बिघडत नाही. म्हणजे नुकसान झाले ते पाऱ्याचा सेल गेला म्हणून, आणि तितकेच रचना एकाच सेलच्या व्होल्टेजला गृहीत धरून केली म्हणूनही. तारीख वेळेवर जाहीर झाली की रचनाकाराला अशी मंडले निवडायला सवड मिळते. तारीख नसली की तो सोपी वाट धरतो, आणि बंदी अचानक आल्यासारखी वाटते.

तिसऱ्या वाटेने तर जस्ताचा प्रश्नच सोडून दिला. लिथियमच्या सेलमध्ये द्रावण पाण्याचे नसते, त्यामुळे पाण्यातून हायड्रोजन सुटण्याचे कारणच उरत नाही आणि पाराही लागत नाही. पेसमेकरमध्ये १९७२पासून लिथियम-आयोडीन सेल आला आणि त्याने पाऱ्याच्या सेलची जागा घेतली, तीही कुठल्या बंदीमुळे नव्हे तर तो कितीतरी जास्त टिकतो म्हणून. घड्याळे, रिमोट, वजनकाटे यांत लिथियम-मँगनीज डायऑक्साइडचा सीआर२०३२ सारखा चपटा सेल आला. तो तीन व्होल्ट देतो, म्हणून दीड व्होल्टच्या सेलच्या जागी घालता येत नाही. उपकरणच नव्याने रचावे लागते.

आणि इथे मला पाराविरोधी धोरणाची एक खरी उणीव दिसते. आपण काय काढले यावर कायदा बारीक नजर ठेवतो, त्याच्या जागी काय आले यावर ठेवत नाही. वीस मिलिमीटरचा तीन व्होल्टचा सेल लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर ऊतींतून प्रवाह वाहू लागतो, ऋण बाजूपाशी तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत गंभीर भाजते. सेल गळायलाही लागत नाही. हा धोका पाऱ्याशी संबंधित नाही, व्होल्टेजशी आणि आकाराशी आहे. मुलांना सहज उघडता येणार नाहीत अशी सेलची झाकणे सक्तीची करणारा रीस कायदा अमेरिकेत २०२२मध्ये झाला. लिथियमचे चपटे सेल घरोघरी पोहोचल्यानंतर कितीतरी वर्षांनी! पाऱ्याचा सेल हटवताना त्याच कागदावर स्क्रूच्या झाकणाची अट लिहिणे काही अवघड नव्हते.

आज दुकानात उभे असताना हे सगळे ओळखायला सेलवरचे पहिले अक्षर पुरते. एल म्हणजे अल्कलाइन, एस म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड, पी म्हणजे झिंक-एअर, सी म्हणजे लिथियम-मँगनीज. एलआर४४ आणि एसआर४४ आकाराने तंतोतंत सारखे आहेत, आणि चांदी महाग असल्याने पहिला स्वस्तात मिळतो. पण जिथे सपाट व्होल्टेज लागते तिथे तो दुसऱ्याचा पर्याय नाही, आणि ‘दोन्ही चालतील’ असे छापणाऱ्या पाकिटांनी ग्राहकाची दिशाभूल करू नये. एम किंवा एन हे अक्षर, अथवा १.३५ व्होल्ट, जुन्या सेलवर दिसले तर तो पाऱ्याचा आहे. तो ‘संपलेला’ आहे म्हणून निर्धास्त राहून केरात टाकू नये. सेल वापरला जातो तेव्हा त्यातला पारा खर्च होत नाही; ऑक्साइडच्या रूपातला पारा धातूच्या रूपात मोकळा होतो, म्हणजे भट्टीत उडून जायला आणखी तयार होतो. असे सेल जुन्या कॅमेऱ्यांत, मोजमापाच्या उपकरणांत, बंद पडलेल्या श्रवणयंत्रांत अजून पडून आहेत. बंदीचे कायदे नव्या सेलपुरते आहेत. हे जुने सेल परत घेण्याची जबाबदारी विक्रेत्यांच्या संकलनपेट्यांवर स्पष्ट शब्दांत टाकली पाहिजे, आणि या वेळी त्या कलमात तारीखही असली पाहिजे.